आवाजाचा आकडा खरा कशावरून?

पुण्यातल्या एखाद्या निवासी वस्तीला लागून छोटे वर्कशॉप आहे, तिथल्या ग्राइंडरचा आवाज दिवसभर घरात येतो आणि सोसायटी तक्रार करते, असे समजू. मोजणी करणारा माणूस येतो, ट्रायपॉडवर साउंड लेव्हल मीटर लावतो आणि तासाभराने आकडा सांगतो : ६५.४ डेसिबल. हा आकडा मोठ्या अडचणीच्या जागी पडला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असेल, तर नागरिकाला प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. म्हणजे इथे सीमारेषा ६५ वर आहे. ६५.४ रेषेच्या पलीकडे, ६४.७ अलीकडे. या दोन आवाजांतला फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही, पण कागदावर सोसायटी आणि वर्कशॉप यांच्या जागा त्यामुळे बदलतात.

मग वर्कशॉपचा मालक विचारतो, "तुमचा मीटर बरोबर दाखवतो हे कशावरून?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला "मीटर महागडा आहे" किंवा "गेल्या वर्षीच लॅबमधून तपासून आणलाय" हे उत्तर पुरत नाही. त्या दिवशी, त्या तासाभरात मीटर बरोबर होता हे दाखवावे लागते. ते दाखवण्याची एक साधी, पाच मिनिटांची रीत आहे. मोजणीच्या आधी एकदा आणि मोजणी संपल्यावर एकदा मीटरला ठरावीक पातळीचा आवाज ऐकवायचा, आणि दोन्ही वेळा त्याने काय सांगितले ते लिहून ठेवायचे.

मीटर का सरकतो

चांगल्या मीटरचे सारे इमान त्याच्या टोकावरच्या मायक्रोफोनवर असते. अर्धा इंच व्यासाच्या त्या नळीत धातूचा अतिशय पातळ पडदा ताणून बसवलेला असतो आणि त्याच्या मागे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर एक धातूची चकती असते. आवाजाने पडदा हलतो, चकतीपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्यातून विजेचा बारीक संकेत तयार होतो. अशा मायक्रोफोनची संवेदनशीलता साधारणपणे एका पास्कल दाबाला ५० मिलिव्होल्ट असते. वातावरणाचा दाब एक लाखाहून जास्त पास्कल असतो, त्यापुढे एक पास्कल म्हणजे काहीच नाही. आणि ५५ डेसिबलचा आवाज तर पास्कलच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका असतो. त्याचा संकेत अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास भरतो. मीटर या एवढ्याशा संकेतावरून आकडा काढतो.

इतक्या नाजूक भागाला बिघडायला फार काही लागत नाही. मीटर एकदा हातातून पडला, पडद्यावर धूळ किंवा तेलकट वाफ बसली, तर संवेदनशीलता बदलते. आपल्याकडे सगळ्यांत जास्त त्रास दमटपणाचा होतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात एसी गाडीतून काढलेला थंडगार मीटर थेट बाहेरच्या हवेत धरला, की चष्म्याच्या काचेवर जमते तशी वाफ मायक्रोफोनच्या आतही जमू शकते. मग पडदा आणि चकती यांच्यामधला विद्युतभार गळू लागतो, कधी कडकड आवाज येतो, कधी रीडिंग नुसतेच खाली येते. थोड्या वेळाने ओल सुकली की मीटर पुन्हा ताळ्यावर येतो. म्हणजे एकाच सकाळी तोच मीटर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो, आणि स्क्रीनवरच्या आकड्याकडे पाहून ते अजिबात ओळखता येत नाही.

एक पास्कल, हातात मावणारा

वाण्याच्या तराजूवर शंका आली तर वैधमापनाचा निरीक्षक त्यावर स्वतःजवळचे प्रमाणित वजन ठेवून पाहतो. मीटरसाठी त्या वजनाचे काम अकूस्टिक कॅलिब्रेटर करतो. मुठीत मावेल अशी ही डबी. तिच्या एका बाजूला पोकळी असते, आत बारीकसा स्पीकर असतो. मायक्रोफोन पोकळीत घालून बटण दाबले की १००० हर्ट्झचा एकसुरी आवाज येतो, पातळी ९४ डेसिबल. ही पातळी उगाच निवडलेली नाही. डेसिबलची मोजणी २० मायक्रोपास्कलपासून सुरू होते आणि त्या हिशेबाने एक पास्कल बरोबर ९४ डेसिबलला येतो. पुष्कळ कॅलिब्रेटरवर ११४ डेसिबलचीही सोय असते. आजूबाजूला फार गोंगाट असेल तर ती वापरायची, म्हणजे बाहेरचा आवाज पोकळीतल्या आवाजात मिसळून रीडिंग बिघडवत नाही.

१००० हर्ट्झ हा सूरही विचार करून घेतला आहे. मीटरमध्ये 'ए', 'सी' अशा निरनिराळ्या वेटिंग असतात. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात म्हणून 'ए' वेटिंग ते आवाज कापून मोजते. मात्र १००० हर्ट्झला सगळ्या वेटिंग सारखाच आकडा देतात. त्यामुळे कोणतीही वेटिंग लावलेली असली तरी कॅलिब्रेटरवर ९४ च दिसायला हवेत. ही सोय आहे, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे त्यात एक धोकाही आहे.

पिस्टनफोन नावाचा जुन्या धाटणीचा कॅलिब्रेटरही वापरात आहे. त्यात स्पीकरऐवजी बारीक दट्टे हवा मागेपुढे ढकलतात. त्याची पातळी फार स्थिर असते, पण ती त्या जागच्या हवेच्या दाबावर अवलंबून असते. मुंबईत समुद्रकाठी दाखवतो त्यापेक्षा पिस्टनफोनची पातळी पुण्यात सुमारे ०.६ डेसिबलने कमी भरते आणि महाबळेश्वरला सुमारे १.४ डेसिबलने. म्हणून त्याच्याबरोबर दाबमापक ठेवून दुरुस्ती करावी लागते. आजचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक कॅलिब्रेटर ही दुरुस्ती आतल्या आतच बऱ्यापैकी करून घेतात.

मोजणीच्या आधी

जागेवर पोचल्याबरोबर मीटर सुरू करायचा नाही. मीटर आणि कॅलिब्रेटर पिशवीतून काढून पंधरावीस मिनिटे बाहेरच्या हवेत ठेवायचे, म्हणजे दोघांचे तापमान हवेशी जुळते आणि कुठे ओल धरली असेल तर सुकते. तेवढ्या वेळात दोन्हींच्या बॅटऱ्या पाहायच्या. मायक्रोफोनवरचा स्पंजचा विंडस्क्रीन काढायचा. कॅलिब्रेटरची पोकळी सहसा एक इंची मायक्रोफोनच्या मापाची असते, त्यामुळे अर्ध्या इंचासाठी अडॅप्टर लावावा लागतो. त्या अडॅप्टरमधली रबरी रिंग सुकून कडक झाली आहे का, तिला चीर पडली आहे का, हे बोट फिरवून पाहायचे.

मग मायक्रोफोन सरळ धरून हळूहळू आत सरकवायचा. घाईने खुपसला तर आत कोंडलेली हवा पडद्यावर दाब देते. मायक्रोफोन पूर्ण आत टेकला पाहिजे, तिरका राहता कामा नये. तो अर्धवट राहिला तर पोकळीत हवेला जागा जास्त मिळते आणि साध्या कॅलिब्रेटरमधली पातळी खाली येते. म्हणजे प्रमाणित वजनच हलके होते. आवाज सुरू करून आकडा स्थिरावेपर्यंत काही सेकंद थांबायचे, कॅलिब्रेटर हाताने दाबून धरायचा नाही.

आता आकडा ९४.० च यायला हवा का? नेहमी नाही. परिसराचा आवाज मोजणारे मायक्रोफोन मोकळ्या हवेत योग्य दाखवावे अशा बेताने बनवलेले असतात. बंद पोकळीत त्यांच्याकडून ०.१ ते ०.२ डेसिबल कमी दिसणे अपेक्षित असते. शिवाय प्रत्येक कॅलिब्रेटरच्या प्रमाणपत्रावर त्याची नेमकी पातळी लिहिलेली असते, ती ९४.०० ऐवजी थोडी इकडेतिकडे असू शकते. हे दोन्ही धरून आपल्या मीटरसाठी अपेक्षित आकडा ठरतो. आपल्या उदाहरणात तो ९३.९ आहे असे धरू.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकते. मीटरने दाखवलेला आकडा, त्याला हात लावण्याच्या आधी, नोंदवहीत लिहायचा. पुष्कळ मीटरवर कॅलिब्रेशनचे बटण दाबले की मीटर स्वतःहून स्वतःला जुळवून घेतो आणि समाधानाने ९३.९ दाखवतो. बटण दाबण्यापूर्वी तो काय दाखवत होता हे मग कुणालाच कळत नाही. खरी माहिती त्या आधीच्या आकड्यात असते. तो अपेक्षित आकड्याच्या अगदी जवळ असेल तर मीटर जुळवला काय आणि तसाच ठेवला काय, फार फरक पडत नाही. तो दूर असेल तर आधी कारण शोधायचे. कॅलिब्रेटर काढून पुन्हा बसवायचा, रिंग पुसायची, पुन्हा पाहायचे. या मीटरने मागच्या मोजण्यांच्या वेळी काय दाखवले होते ते वहीत पाहायचे. एरवी नेहमी ९३.८ ते ९४.० च्या मध्ये राहणारा मीटर आज अचानक दूर गेला असेल, तर तो जुळवून मोकळे होणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे आहे.

मोजणी झाल्यावर

मोजणी संपल्यावर मीटर बंद न करता, त्याला कुठेही हात न लावता, तोच कॅलिब्रेटर त्याच अडॅप्टरसह पुन्हा बसवायचा आणि आकडा लिहायचा. या वेळी मीटर जुळवायचा नाही. मधल्या वेळात मीटर जागेवर राहिला की सरकला, एवढेच इथे पाहायचे असते.

किती सरकलेला चालतो? कामाच्या ठिकाणचा आवाज मोजण्याचे आयएसओ ९६१२ हे मानक स्पष्ट सांगते : आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगमध्ये ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर मधली सगळी मोजणी रद्द करायची. यंत्रांचा आवाज मोजण्याच्या आयएसओ ३७४४ मध्येही हीच मर्यादा आहे. परिसराच्या आवाजासाठीच्या आयएसओ १९९६ मानकाचा दुसरा भाग प्रत्येक मोजणीआधी आणि मोजणीनंतर लगेच वर्ग १ चा कॅलिब्रेटर लावायला सांगतो, आणि तिथेही जाणकार मंडळी अर्ध्या डेसिबलचीच रेघ धरतात. अर्धा डेसिबल ऐकायला काहीच नाही, पण ध्वनिऊर्जेत तो सुमारे १२ टक्के भरतो. सुस्थितीतला मीटर काही तासांत एवढा सरकत नाही. म्हणून अर्ध्या डेसिबलच्या पुढचा फरक दिसला की काहीतरी बिनसले आहे असेच धरायचे.

६५.४ चे काय झाले

आता वर्कशॉपकडे परत येऊ. सकाळी अकराला कॅलिब्रेटर लावला तेव्हा मीटरने ९३.२ दाखवले. मोजणी करणाऱ्याने तो आकडा वहीत लिहिला, पण घाईत होता म्हणून कारण न शोधता बटण दाबून मीटर ९३.९ वर आणला. तासाभराची समतुल्य पातळी, म्हणजे त्या तासातल्या चढत्या-उतरत्या आवाजाची ऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी, ६५.४ आली. मग शेवटची तपासणी केली तर मीटर ९४.६ दाखवू लागला. कॅलिब्रेटर काढून पुन्हा बसवला, पुन्हा ९४.६. तिसऱ्यांदा बसवला तेव्हा ९४.५.

आधी जुळवून ठेवलेले ९३.९ आणि नंतरचे ९४.६, फरक ०.७. मोजणी रद्द. मोजणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की मीटर ०.७ जास्त दाखवतोय ना, मग ६५.४ मधून ०.७ वजा करू, झाले ६४.७. वर्कशॉपचा मालक तर हाच हिशेब मांडेल. पण वजाबाकी करण्याआधी मीटर कधी आणि का चुकला हे माहीत हवे, आणि इथे कमीत कमी दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात.

पहिली शक्यता अशी की चूक मीटरची नव्हतीच. सकाळी मायक्रोफोन अडॅप्टरमध्ये पूर्ण बसला नव्हता, पोकळीतली पातळीच कमी होती आणि मीटरने ती इमानाने ९३.२ सांगितली. त्याला उगाचच वर ढकलले गेले, त्यामुळे सगळी मोजणी पहिल्या मिनिटापासून ०.७ ने फुगली. तसे असेल तर खरा आकडा ६४.७. वहीतल्या जुन्या नोंदी या शक्यतेच्या बाजूने आहेत, कारण त्यात हा मीटर कधीच ९३.८ च्या खाली गेलेला नाही. शेवटी तीन वेळा बसवूनही तोच आकडा आला, हेही त्याच बाजूचे.

दुसरी शक्यता अशी की मायक्रोफोनला सकाळी खरोखरच ओल लागली होती आणि तो खरोखरच कमी दाखवत होता. त्या वेळी त्याला जुळवणे योग्यच ठरले. पुढे उन्हात ओल सुकली, मायक्रोफोन पूर्ववत झाला आणि तेव्हापासून मीटर जास्त दाखवू लागला. तसे असेल तर सुरुवातीची मिनिटे बरोबर, शेवटची फुगलेली, आणि खरा आकडा ६४.७ आणि ६५.४ यांच्या मध्ये कुठेतरी. ६५ च्या अलीकडे की पलीकडे, हे कुणीही सांगू शकत नाही.

पहिली शक्यता जास्त पटणारी आहे, हे खरे. पण पटणारे म्हणजे सिद्ध झालेले नव्हे. दुरुस्तीची मुभा दिली तर प्रत्येक बाजू स्वतःला सोयीचे कारण निवडेल आणि त्यानुसार आकडा वाकवेल. मानक मोजणी रद्द करायला लावते, दुरुस्त करायला सांगत नाही, ते याचसाठी. मग नवी रबरी रिंग घालायची, मायक्रोफोन लॅबमध्ये दाखवायची गरज आहे का ते पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी, वर्कशॉपमध्ये तीच यंत्रे चालू असल्याची खात्री करून, मोजणी पुन्हा करायची. त्या दिवशी आधी ९३.९ आणि नंतरही ९३.९ आले, तर मधला आकडा ६४.८ असो वा ६६.१, मीटर सरकल्याचा आक्षेप त्यावर कुणालाही घेता येणार नाही.

कॅलिब्रेटरला काय दिसत नाही

दोन्ही आकडे जुळले म्हणून सगळे ठीक आहे असे मात्र समजू नये. कॅलिब्रेटर मीटरची परीक्षा एकाच सुरात आणि एकाच पातळीवर घेतो. मायक्रोफोनचा पडदा अशा रीतीने खराब झालेला असू शकतो की १००० हर्ट्झला तो ठीक आहे, पण ८००० हर्ट्झच्या तीव्र आवाजाला चुकतो. मीटर ९४ ला बरोबर असून ४० डेसिबलच्या शांत रात्री चुकू शकतो.

वेटिंगचा धोका इथेच आहे. मोजणारा 'ए'ऐवजी चुकून 'सी' वेटिंगवर राहिला, तर कॅलिब्रेटर ती चूक मुळीच पकडणार नाही, कारण १००० हर्ट्झला दोन्ही सारखेच दाखवतात. मात्र मिरवणुकीतल्या डीजेचा खर्ज मोजताना मोठा घोटाळा होतो. ६३ हर्ट्झच्या धडधडीतून 'ए' वेटिंग सुमारे २६ डेसिबल कापते, 'सी' एक डेसिबलही कापत नाही. कायद्याची मर्यादा 'ए' वेटिंगवर आहे, त्यामुळे असा आकडा अजिबात उपयोगाचा नाही. म्हणून वेटिंग कोणती होती हे कॅलिब्रेटरच्या रीडिंगशेजारीच लिहायची सवय लावून घ्यावी लागते.

कॅलिब्रेटर स्वतःही सरकू शकतो. तो अर्धा डेसिबल उतरला तर आधीचे आणि नंतरचे रीडिंग एकमेकांशी छान जुळेल आणि दोन्ही सारखीच चुकीची असतील. म्हणून कॅलिब्रेटर दरवर्षी आणि मीटर निदान दोन वर्षांनी एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे मीटरला निरनिराळ्या सुरांत आणि पातळ्यांवर तपासले जाते. या प्रयोगशाळांची प्रमाणे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचतात. देशातली ध्वनिदाबाची मूळ प्रमाणे तिथे सांभाळली जातात.

गणेशोत्सवात पोलीस डेसिबल मीटर घेऊन फिरतात आणि नागरिकही मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजून तक्रार करतात. मोबाइलचा मायक्रोफोन कॅलिब्रेटरच्या पोकळीत बसत नाही, त्यामुळे त्याचा आकडा कुठे मोजणी करायची हे ठरवायला ठीक, पुरावा म्हणून नाही. हातातल्या मीटरबरोबर कॅलिब्रेटर विकत घेतलेलाच नसेल, तर त्या मीटरचीही फारशी वेगळी गत नसते. आपल्या तक्रारीवर किंवा आपल्याविरुद्ध कुणी ध्वनिमोजणीचा अहवाल दिला, तर त्यात चार गोष्टी पाहाव्यात : मीटर आणि कॅलिब्रेटर यांचे क्रमांक, दोघांच्या प्रमाणपत्रांच्या तारखा, मोजणीपूर्वी जुळवण्याच्या आधीचे रीडिंग, आणि मोजणीनंतर न जुळवता घेतलेले रीडिंग. शेवटची दोन अहवालात नसतील तर ती लेखी मागून घ्यावीत, आणि ती घेतलेलीच नव्हती असे उत्तर आले तर पुन्हा मोजणीची मागणी करावी.